फोटोओळ लिहायची की नाही?

नमस्कार. आज बोलायला घेतलेत ते दोन फोटो एकाच माणसाने काढलेले आहेत, आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी. एकाला फोटोओळ नसेल तर तो फोटो खोटं बोलतो. दुसऱ्याला गावाच्या नावापलीकडे एक शब्द जास्त दिला तर त्याचा जीव जातो. कॅप्शन द्यायची की नाही, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा आवडीवर सोडतो. कुणाला शब्द आवडतात, कुणाला कोरी पानं आवडतात. माझ्या मते तो आवडीचा प्रश्नच नाही. शब्द नसताना बघणारा काय समजून घेईल, हे आधी तपासायचं आणि मग ठरवायचं.

पहिला फोटो जर्मनीतल्या देसाऊ गावचा, 1945 चा. युद्ध संपत आलेलं किंवा नुकतंच संपलेलं. ठिकाण विस्थापितांची छावणी. मध्यभागी काळ्या कपड्यांतली एक स्त्री आहे. चेहरा रागाने वेडावाकडा झालेला, हात उगारलेला. तिच्यासमोर दुसरी तरुण स्त्री मान खाली घालून उभी. एक माणूस टेबलाशी कागद घेऊन बसलाय. मागे गर्दी आहे, आणि गर्दीच्या एका कडेला पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेला एक माणूस.

आता मनातल्या मनात फोटोखालचे सगळे शब्द झाका. तुमची सहानुभूती कुणाकडे जाते? मान खाली घातलेल्या मुलीकडे. जाणारच. डोळ्यांना एवढंच दिसतं की एक बलवान, संतापलेली बाई आहे, एक दुबळी मुलगी आहे आणि भोवती बघ्यांची गर्दी आहे. ज्याचा हात वर, तो अत्याचारी, असा आपला हिशेब तयार असतो. प्रत्यक्षात मान खाली घातलेली ती तरुणी गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, खबरी होती. निर्वासितांच्या गर्दीत ती लपू पाहत होती. समोरच्या स्त्रीने तिला ओळखलं आणि चारचौघांत उघडं पाडलं.

ही गोष्ट फोटोत कुठेच नाही. पट्ट्यांचे कपडे हा एक धागा आहे, पण ते छळछावणीतल्या कैद्याचे कपडे आहेत हे आधी माहीत असेल तरच तो हाती लागतो. हातून सुटला, तर दोन्ही स्त्रियांच्या भूमिकांची अदलाबदल होते. फोटो कितीही जबरदस्त असला तरी तो क्षणाच्या आधीचं सांगू शकत नाही, आणि इथे सगळा न्याय त्या आधीच्या गोष्टीवर उभा आहे. म्हणून ओळ हवीच.

कोणती ओळ, ते लिहूनच पाहू. पहिला प्रयत्न: ‘छावणीतील गर्दीसमोर एक संतप्त स्त्री दुसरीवर हात उगारताना’. हे सगळं दिसतंच आहे, तेव्हा नवीन काहीच मिळालं नाही आणि गैरसमज पक्का झाला. दुसरा प्रयत्न: ‘सूडाचा क्षण’. हा जास्त वाईट. ‘सूड’ म्हटलं की आपण निकाल देऊन मोकळे झालो, आणि बघणाऱ्याने त्या चेहऱ्यावर जो वेळ घालवायचा, तो आपणच घालवून टाकला. तो चेहरा सूडाचा आहे, दुःखाचा आहे, की इतक्या दिवसांनी बोलायची मुभा मिळाल्याचा आहे? ते त्याला बघू द्या. तिसरा प्रयत्न: ‘देसाऊ, जर्मनी, 1945. विस्थापितांच्या छावणीत लपू पाहणारी गेस्टापोची खबरी (डावीकडे मान खाली घातलेली) ओळखली जाते.’ तसं पाहिलं तर ‘डावीकडे’ हा तपशील छपाईत फोटो कसा कापला आहे ते बघून लिहायचा किंवा गाळायचा. ‘मान खाली घातलेली’ एवढंही पुरतं. बाकी ओळ घट्ट आहे. दिसत नाही पण कळलं पाहिजे, तेवढंच तिने सांगितलं. रागाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

या ओळीतही मौन आहे, हे लक्षात घ्या. शब्द आणि मौन यांतलं एकच निवडायचं असतं असं आपण धरून चालतो. चांगल्या ओळीत घटनेबद्दल बोललेलं असतं आणि भावनेबद्दल गप्प राहिलेलं असतं. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. जागा, वर्ष, माणूस यांचा पत्ता नसतो, पण ‘डोळ्यांतली वेदना’ मात्र ठळक अक्षरांत असते.

आता दुसरा फोटो. फ्रान्सच्या दक्षिणेला इयेर नावाचं गाव आहे, साल 1932. कॅमेरा वरून, जिन्यावरून खाली बघतोय. लोखंडी कठड्याची वळणं आहेत, पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, आणि खालच्या रस्त्याच्या वळणावरून एक सायकलस्वार क्षणात निघून जातोय, किंचित पुसट. या फोटोला नाव काय? ‘इयेर, फ्रान्स, 1932’. बस्स.

सायकलस्वार कोण होता, कुठे चालला होता? समजा, मोठ्या कष्टाने कुणी शोधून काढलं की तो पाव पोचवायला चालला होता. ती माहिती खरी असली तरी इथे नको. कारण इथे बघणारा काहीही समजला तरी कुणावर अन्याय होत नाही. एखाद्याला त्यात घाई दिसेल, एखाद्याला एकटेपण, एखाद्याला नुसती भूमितीची गंमत. तिघेही बरोबर. आणि ‘पाव पोचवणारा’ म्हटल्याबरोबर डोळा सायकलवर पिशवी शोधायला लागतो. जिना आणि रस्ता यांची जी वळणं एकमेकांत गुंफली होती, ती मागे पडतात. शब्द डोळ्याला एका जागी नेऊन बसवतात. देसाऊच्या फोटोत आपल्याला तेच हवं होतं, इथे नको आहे.

म्हणून मी एक साधी पद्धत वापरते. फोटोबद्दल काहीच माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना तो शब्दांशिवाय दाखवायचा. ‘कसा वाटला?’ असं विचारायचं नाही, त्यावर लोक सभ्यपणे ‘छान’ म्हणतात. ‘इथे काय चाललंय?’ असं विचारायचं आणि आपण गप्प बसायचं. उत्तरं वेगवेगळी आली आणि त्यातलं कुठलंच फोटोतल्या माणसाला बाधत नसेल, तर फोटोला एकटं सोडावं. सगळ्यांनी मिळून एकच चुकीचं उत्तर दिलं, तर ओळ लिहावीच लागेल. आणि लोकांनी जी चूक केली, नेमकी तीच ओळीने दुरुस्त करायची. बाकी विस्तार नको. कधी कधी माणसं काहीच सांगत नाहीत, फक्त ‘कुठला आहे हा?’ विचारतात. तिथे जागा आणि वर्ष द्यावं आणि थांबावं.

या पद्धतीची मर्यादा अशी की ती आजच्या बघणाऱ्यापुरती चालते. फोटो मात्र आपल्या हातून सुटतो. रोबेर द्वानो यांनी 1958 मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एक फोटो काढला. बारपाशी एक तरुणी आणि वयाने बराच मोठा माणूस, समोर वाइनचे पेले. तो आधी एका मासिकाच्या कॅफेंवरच्या अंकात आला. तिथे तो निव्वळ कॅफेतला एक लोभस क्षण होता. पुढे तोच फोटो दारूबंदीचा प्रचार करणाऱ्यांनी दारूचे दुष्परिणाम दाखवायला छापला. नंतर एका सनसनाटी मासिकाने त्याच्याखाली वेश्याव्यवसायाबद्दलची ओळ टाकली. फोटोतला तो माणूस चित्रकलेचा शिक्षक होता. त्याने दावा लावला. न्यायालयाने मासिकाला आणि फोटो पुरवणाऱ्या एजन्सीला दोषी धरलं, द्वानोंना सोडून दिलं.

त्या फोटोत एक रेघही बदललेली नव्हती. बदलले ते शब्द, आणि ते दुसऱ्यांनी घातले. यावरून मला वाटतं, ज्या फोटोत ओळखू येणारा जिवंत माणूस आहे, तिथे कोरी जागा सोडताना ती जागा कुणाच्याही हाती देतोय याचं भान हवं. पानावर ओळ छापायची नसेल तर छापू नका, पण फाइलच्या माहितीत, वर्णनाच्या रकान्यात, कोण, कुठे, कधी हे लिहून ठेवा. प्रिंट असेल तर मागे लिहा. बऱ्याच ठिकाणी फोटो चढवताना ही आतली माहिती गळून पडते, म्हणून तिची एक प्रत वेगळी ठेवा. ज्याने काही टिपूनच ठेवलं नाही, त्याने ‘मी फोटोला बोलू देतो’ म्हणू नये. त्याच्याकडे गप्प राहण्यासारखं काही नाहीच, फक्त माहिती नाही.

हे नीट कसं करता येतं ते छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांच्या कामात दिसतं. 1936 च्या उन्हाळ्यात ते आणि लेखक जेम्स एजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, कापूस पिकवणाऱ्या तीन गरीब कुळांच्या घरी गेले. 1941 साली त्या कुटुंबांवरचं दोघांचं पुस्तक निघालं तेव्हा एव्हान्सचे फोटो सगळ्यात पुढे होते, मजकुराच्याही आधी, आणि एकाखालीही ओळ नव्हती. वाचक आधी ते चेहरे, त्या फळ्यांच्या भिंती, ते बूट बघतो. कोण गरीब, किती गरीब, कशामुळे, हे सांगून कुणी त्याची दया आधीच तयार करत नाही. तो चेहऱ्याला चेहरा म्हणून भेटतो. मग मजकूर येतो, आणि त्यात माणसांची नावं बदललेली आहेत. खरी नावं गाव-जिल्ह्यासकट सरकारी संग्रहात गेली, कारण एव्हान्स तेव्हा सरकारी नोकरीत होते. आज तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

म्हणजे माहिती हरवली नाही, तिची फक्त जागा बदलली. हे मला फार मोलाचं वाटतं. ओळ फोटोखालीच असली पाहिजे असं कुठे आहे? ती पान उलटल्यावर येऊ शकते, पुस्तकाच्या शेवटी एका यादीत येऊ शकते. प्रदर्शनात चौकटीला चिकटवलेली पाटी असली की लोक आधी पाटी वाचतात, मग ‘अच्छा’ म्हणून फोटोकडे एक नजर टाकतात आणि पुढे जातात. तीच माहिती दालनाच्या टोकाला छापील कागदावर ठेवली तर आधी बघावं लागतं. पण देसाऊसारख्या फोटोला ही सवलत देता येणार नाही. तिथे उशीर म्हणजे तेवढा वेळ त्या संतापलेल्या स्त्रीवर अन्याय. त्याची ओळ त्याच पानावर, त्याच नजरेच्या टप्प्यात हवी. बातमीच्या फोटोचंही तेच.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती विसरली जाते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आपलं मौन म्हणजे फोटोच नसणं. वेबपानावर फोटोखाली ओळ नसली तरी फोटोच्या `alt` या न दिसणाऱ्या रकान्यात वर्णन लिहायलाच हवं; स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो. आणि तिथला नियम फोटोओळीच्या बरोबर उलटा आहे. ओळीत दिसणारं पुन्हा सांगायचं नसतं, इथे दिसणारंच सांगायचं असतं. इयेरच्या फोटोसाठी मी असं लिहीन: ‘वरून दिसणारा वळणदार जिना आणि लोखंडी कठडा, खाली रस्त्याच्या वळणावरून जाणारा पुसट सायकलस्वार. कृष्णधवल.’ घाई, एकटेपण वगैरे यातही नाही. ते ऐकणाऱ्यालाही स्वतःचं स्वतः सापडू द्यावं.