किट पॉझिटिव्ह आलं म्हणजे मलेरियाच का?

(सोलापुरात लॅब टेक्निशियन आणि आशाताईंपुढे केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

बसा, बसा, पंखा जरा इकडं वळवा म्हणजे मागच्यांना पण झोप येणार नाही. आज एकच गोष्ट बोलायची आहे, मलेरियाचं किट आणि स्लाईड यांची तुलना. परवा एकीनं मला विचारलं, "सर, किटच्या खोक्यावर एवढी चांगली टक्केवारी लिहिलेली असते, मग आपल्याकडं पॉझिटिव्ह आलेल्यांच्या स्लाईडमध्ये काहीच का सापडत नाही?" प्रश्न बरोबर आहे, किट खराब आहे असं लगेच धरू नका.

समजा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तापाचे ४०० पेशंट तपासले, प्रत्येकाचं किटही केलं आणि स्लाईडही पाहिली. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत हं, कुठल्या रिपोर्टमधले नाहीत. स्लाईड ही आपली मोजपट्टी, म्हणून ती वर लिहायची आणि किट बाजूला.

| | स्लाईड पॉझिटिव्ह | स्लाईड निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| किट पॉझिटिव्ह | ४५ | १४ | ५९ |
| किट निगेटिव्ह | ५ | ३३६ | ३४१ |
| एकूण | ५० | ३५० | ४०० |

आता उभं वाचा. स्लाईडनं ५० जण आजारी म्हणले, त्यातले ४५ किटनं पकडले, म्हणजे ९० टक्के, ही सेन्सिटिव्हिटी. स्लाईडनं ३५० जण मोकळे म्हणले, त्यातल्या ३३६ जणांना किटनंही निगेटिव्ह म्हणलं, ९६ टक्के, ही स्पेसिफिसिटी. खोक्यावर असतात ते हे दोन आकडे.

पण तुमच्यासमोरचा पेशंट उभ्या रांगेतून येत नाही ओ. त्याच्या हातात फक्त किटचा निकाल असतो, म्हणून आडवं वाचायला लागतं. पॉझिटिव्ह ५९, त्यात स्लाईडनं होय म्हणलेले ४५, म्हणजे ७६ टक्के, ही पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू. निगेटिव्ह ३४१ पैकी ३३६, साधारण ९८.५ टक्के, ही निगेटिव्हची.

आता तेच किट सोलापुरात आणा, भर उन्हाळ्यात, तळी आटलेली, डास कमी. तापाचे १००० पेशंट, त्यात खरे मलेरियाचे समजा १०. किट तेच, टक्केवारी तीच, म्हणून १० पैकी ९ पकडले, १ सुटला. राहिले ९९०, त्यांच्यात ४ टक्के चूक म्हणजे जवळपास ४०. एकूण पॉझिटिव्ह ४९, त्यातले खरे फक्त ९! अठरा टक्के. दर पाच पॉझिटिव्हमागं चार फुकटचे. सेन्सिटिव्हिटी बदलली नाही, स्पेसिफिसिटीही नाही, बदललं ते गावात आजार किती आहे एवढंच. निगेटिव्ह मात्र ९५१ पैकी ९५० बरोबर, म्हणून आपल्याकडं उन्हाळ्यात किटच्या "नाही"वर जास्त विसंबता येतं, "होय" आलं की स्लाईड बघा. पण म्हणून पेशंटला ताटकळत ठेवू नका, तापानं फणफणलाय, नाहीतर गर्भार बाई किंवा लहान लेकरू आहे, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता ते चाळीस येतात कुठून? फाल्सिपेरमची पट्टी एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधते, आणि ते जंतू मेल्यावरही रक्तात आठवडे-आठवडे राहतं. माझ्याकडं एक ड्रायव्हर आला होता, पूर्वेकडच्या जिल्ह्यातून माल घेऊन फिरणारा, किटवर ठळक रेघ, स्लाईड मी दोनदा पाहिली, काही नाही. विचारलं तर म्हणाला, पंधरा दिवसांपूर्वी तिकडंच गोळ्यांचा पूर्ण कोर्स झालाय. मग कळलं. तेव्हापासून किट उघडायच्या आधी मी विचारतो, महिन्याभरात मलेरियाचं औषध घेतलंय का.

अजून एक, हे टेबल स्लाईडला देव मानतं, पण स्लाईड वाचतो माणूस. जंतू अगदी कमी असतील, रंग फिका झाला असेल, किंवा संध्याकाळी सत्तरावी स्लाईड असेल तर जंतू सुटतो, आणि मग किटनं बरोबर पकडलेला पेशंटही त्या १४ मध्ये जाऊन पडतो, दोष किटला. उलट ते ५ सुटलेले, त्यातही कारणं असतात: जंतू कमी, किट उन्हात ठेवलेलं, किंवा काही फाल्सिपेरममध्ये एचआरपी-२चं जनुकच नसणं, म्हणजे पट्टीला शोधायला काही मिळतच नाही.

म्हणून तुलना करायची असेल तर स्लाईड वाचणाऱ्याला किटचा निकाल सांगायचा नाही, रेघ दिसली की डोळे आपोआप जंतू शोधतातच. आणि दुसऱ्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्यायच्या तर फक्त भांडणाऱ्या १९ स्लाईड काढू नका. तेवढ्याच पुन्हा पाहिल्या तर निकाल बदलू शकतो तो तेवढ्यांचाच, तोही किटच्याच बाजूनं, त्यामुळं किट उगाच चांगलं दिसतं. जिथं दोघं मिळून चुकले ते तसंच झाकलेलं राहतं. जुळलेल्यांमधूनही चिठ्ठ्या टाकून काही उचला.

चला, आता ज्यांनी किट आणलंय त्यांनी पहिलं कागदावर एक्सपायरी बघा.