निगेटिव्ह मुलांची साक्ष: रोटाव्हायरस लसीचा अभ्यास कसा आखावा, कसा लिहावा

(सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मार्च 2016 मध्ये हिमाचल प्रदेश, हरियाणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांत रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आली. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पाच-पाच थेंब. त्याआधी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे झालेल्या चाचणीत गंभीर रोटा-जुलाबांपासून पहिल्या वर्षात सुमारे 56 टक्के संरक्षण दिसलं होतं. पण चाचणीतली लस आणि उपकेंद्रातली लस यांत अंतर असतं. शीतसाखळी वेगळी, डोस उशिरा पडतात, बाळांचं पोषण वेगळं. म्हणून लस सुरू झाल्यावर पुन्हा मोजावं लागतं, आणि आता अर्ध्या बाळांना लसीविना ठेवून मोजणं नैतिक नाही. इथे टेस्ट-निगेटिव्ह अभ्यास उपयोगी पडतो.

रचना साधी आहे. जुलाब-उलट्यांनी दाखल झालेलं, लसीच्या वयोगटातलं प्रत्येक मूल घ्यायचं. दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत शौचाचा नमुना घ्यायचा, म्हणजे वॉर्डात लागलेला संसर्ग त्यात मिसळणार नाही. एलायझा चाचणी पॉझिटिव्ह आली तर ते मूल केस, निगेटिव्ह आली तर कंट्रोल. चाचणीचा निकाल माहीत नसलेल्या माणसाने लसीकरण कार्डाचा फोटो घ्यायचा. कार्ड हरवलं असेल तर एएनएमच्या नोंदवहीतून तारखा काढायच्या. आईच्या आठवणीवर डोस मोजायचे नाहीत. शेवटी दोन्ही गटांतलं लस घेतलेल्यांचं आणि न घेतलेल्यांचं प्रमाण ताडून पाहायचं; त्यातून येणारा ऑड्स रेशो म्हणजे OR, आणि त्यावरून लसीची परिणामकारकता, VE:

VE = (1 − OR) × 100

कंट्रोल शोधायला गावात का जायचं नाही? कारण लस वेळेवर देणारे आईबाप बाळ आजारी पडल्यावर दवाखान्यातही लवकर नेतात. गावातली मुलं कंट्रोल म्हणून घेतली, तर लसीचा परिणाम आणि आईबापांची तत्परता यांची सरमिसळ होते. इथे दोन्ही गट त्याच दारातून आत आलेले असतात. रोटा आणि इन्फ्लुएन्झा या दोन्ही लसींच्या यादृच्छिक चाचण्यांची माहिती पुन्हा या पद्धतीने तपासली, तेव्हा उत्तरं मूळ चाचण्यांच्या अगदी जवळ आली. मात्र चाचणीत कोणाला लस मिळाली हे चिठ्ठीने ठरलेलं असतं. आपल्या वॉर्डात ते कोणीही चिठ्ठीने ठरवलेलं नसतं.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबासाठी बनवले आहेत, पण अशी परिस्थिती खरी येते. दीड वर्षात 600 मुलं नोंदली: 200 पॉझिटिव्ह, 400 निगेटिव्ह. पॉझिटिव्हपैकी 100 जणांनी तिन्ही डोस घेतलेले, 100 जणांनी एकही नाही. निगेटिव्हपैकी 280 जणांनी घेतलेले, 120 जणांनी नाही. ऑड्स रेशो येतो 0.43, म्हणजे परिणामकारकता 57 टक्के. चाचणीच्या 56 टक्क्यांशी इतका छान जुळतो की लगेच प्रबंधात घालावासा वाटतो.

थांबा. हीच 600 मुलं दाखल झाल्याच्या तारखेनुसार वेगळी करा. लस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात 250 मुलं आली: 150 पॉझिटिव्ह, 100 निगेटिव्ह. रोटा आपल्याकडे थंड, कोरड्या महिन्यांत वाढतो. लस नवी होती, त्यामुळे दोन्ही गटांत 40 टक्केच मुलांनी ती घेतलेली: पॉझिटिव्हमध्ये 60, निगेटिव्हमध्ये 40. पुढच्या पावसाळ्यात 350 मुलं आली: 50 पॉझिटिव्ह, 300 निगेटिव्ह, कारण तेव्हा जिवाणूंचे जुलाब जास्त. तोवर लसीकरण 80 टक्क्यांवर गेलेलं: पॉझिटिव्हमध्ये 40, निगेटिव्हमध्ये 240. प्रत्येक मोसमात ऑड्स रेशो बरोबर 1 आहे. लसीचा परिणाम शून्य! ते 57 टक्के सगळेच्या सगळे कॅलेंडरने तयार केले. केस लस कमी पोहोचलेल्या काळातून जास्त आले आणि कंट्रोल लस बऱ्यापैकी पोहोचलेल्या काळातून, एवढंच घडलं.

म्हणून मॉडेलमध्ये दाखल झाल्याचा महिना, जन्मतारीख आणि रुग्णालय हवेतच. जन्मतारीख यासाठी, की बाळ लसीला पात्र होतं की नव्हतं हे तीच ठरवते. जे मूल लस सुरू होण्याआधीच पहिल्या डोसचं वय ओलांडून गेलं, त्याला 'लस न घेतलेलं' म्हणणं चूक आहे. ते अभ्यासात घ्यायचंच नाही.

आता लिखाणाकडे येऊ. बहुतेक प्रबंधांत एक वाक्य असतं: 'लसीचा इतर कारणांच्या जुलाबांवर परिणाम होत नाही असे गृहीत धरले आहे.' याने वाचकाला काहीच मिळत नाही. गृहीतक लिहिताना तीन गोष्टी सांगा: ते काय आहे, मोडलं तर उत्तर कोणत्या बाजूला झुकेल, आणि तुम्ही त्यासाठी काय केलंत. मी असं लिहीन:

'रोटा आणि रोटा-नसलेले जुलाब सारख्याच तीव्रतेचे असतील तर पालक सारख्याच प्रमाणात रुग्णालयात येतात, असे आम्ही मानले. गंभीर रोटा सर्वांनाच रुग्णालयात आणत असेल आणि सौम्य जुलाबांसाठी केवळ दक्ष पालक येत असतील, तर कंट्रोलमध्ये लसवंत मुले जास्त भरतील व परिणामकारकता फुगेल. म्हणून दोन्ही गटांसाठी रात्रभर दाखल राहणे व सलाईन किंवा ओआरएसने जलभरण ही एकच अट ठेवली आणि जुलाबांची तीव्रता मोजणारा व्हेसिकारी गुणांक 11 किंवा अधिक असलेल्या मुलांचे विश्लेषण वेगळे केले.'

हे वाचून परीक्षक तुमच्याशी नेमका वाद घालू शकतो, आणि तसा तो घालता आला पाहिजे.

शौचाच्या चाचणीबद्दलही असंच लिहा. ही लस जिवंत विषाणूची आहे. डोसनंतर काही दिवस लसीतलाच विषाणू शौचात उतरतो. नुकताच डोस घेतलेलं मूल दुसऱ्याच कारणाने आजारी पडलं, तरी पॉझिटिव्ह दिसू शकतं, आणि लस नाहक कमकुवत ठरते. म्हणून डोसनंतरच्या 14 दिवसांतले नमुने वगळा आणि वगळल्याचं कारणासह लिहा. खोट्या पॉझिटिव्हची भीती पावसाळ्यात जास्त, कारण खरे रोटा रुग्ण तेव्हा थोडे असतात.

निष्कर्ष कशाला लागू आहे तेही मेथड्समध्येच सांगा. हा आकडा दाखल होण्याइतक्या गंभीर रोटा-जुलाबांपुरता आहे. लसीमुळे संसर्ग किती टळला किंवा तो इतरांना लागणं किती कमी झालं, हे या रचनेतून कळत नाही.

एक तपासणी मात्र मला फार मोलाची वाटते, आणि ती कमी लोक करतात. लस येण्याआधीपासून रोटाची नोंद ठेवणारी रुग्णालयं आपल्याकडे आहेत. त्या जुन्या काळातली मुलं घ्या आणि रोटाच्या जागी पेंटाव्हॅलंटचे तीन डोस ठेवून तेच मॉडेल चालवा. वयं तीच: सहा, दहा, चौदा आठवडे. पेंटाव्हॅलंट रोटाला रोखत नाही, म्हणून उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. ते 20 टक्के आलं आणि त्याचा विश्वासांतर शून्यापासून स्पष्ट दूर राहिला, तर लसीकरण पूर्ण करणारी घरं तुमच्या केस आणि कंट्रोलमध्ये सारखी वाटली गेलेली नाहीत. रोटा-लसीच्या तुमच्या आकड्यातही त्याच जातीचा फुगवटा असण्याची शक्यता मग निकालांच्या पहिल्याच तक्त्याखाली लिहायला हवी.