कनेक्टेड दाखवतंय, पण आवाज कुठे गेला? फोन, इअरबड्स, लॅपटॉप आणि गाडी

ब्लूटूथच्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "कनेक्टेड दाखवतंय, पण आवाजच येत नाही." तक्रार करणारा माणूस खरं तेच सांगत असतो. कनेक्शन झालेलंच असतं. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर असते, आणि ती पायरी वेगळी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज तीन गोष्टी सुट्या करून बघू.

पहिली पेअरिंग. यात दोन उपकरणं एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती आपापल्याकडे साठवतात. हे एकदाच होतं. दुसरी कनेक्शन. ओळख असलेली उपकरणं चालू असली आणि टप्प्यात आली, की साठवलेल्या किल्लीच्या आधारे पुन्हा जोडली जातात. हे रोज होतं. तिसरी गोष्ट म्हणजे आवाज कुठे पाठवायचा हा निर्णय. फोन एकाच वेळी गाडीला आणि बड्सना जोडलेला राहू शकतो, पण गाणं सहसा एकाच ठिकाणी पाठवतो.

पेअरिंगपासून सुरुवात करू. नवे बड्स डबीतून पहिल्यांदा बाहेर काढले की बहुधा आपोआप पेअरिंगला तयार होतात. एकदा कुणाशी ओळख झाली की मात्र तसं होत नाही. मग ते जुन्याच फोनला शोधत बसतात. दुसरं उपकरण जोडायचं असेल तर पेअरिंग मोड मुद्दाम सुरू करावा लागतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बड्स डबीतच ठेवून, झाकण उघडं ठेवून, डबीवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. दिवा लुकलुकू लागला की समजायचं. किती सेकंद ते मॉडेलप्रमाणे बदलतं आणि ते माहितीपत्रकात पाहावंच, कारण तेच बटण आणखी जास्त वेळ दाबलं तर काही मॉडेल पूर्ण रीसेट होतात आणि आधीच्या सगळ्या ओळखी पुसल्या जातात.

गाडीचं पेअरिंग गाडी उभी असतानाच करा. अनेक गाड्यांमध्ये चाक फिरू लागलं की हा पर्याय बंदच होतो. गाडीच्या पडद्यावर फोन किंवा ब्लूटूथच्या मेनूत नवीन उपकरण जोडण्याचा पर्याय निवडायचा आणि फोनवर ब्लूटूथची यादी उघडी ठेवायची. दोन्हीकडे सहा आकडी संख्या दिसते. ती सारखी आहे ना, हे खरोखर वाचून मग होकार द्यायचा. जुन्या सिस्टीम संख्येऐवजी पिन मागतात, तो बहुधा 0000 किंवा 1234 असतो. यानंतर फोन विचारतो की संपर्क आणि कॉलची यादी गाडीला द्यायची का. स्वतःच्या गाडीत द्या, नाहीतर पडद्यावर नावाऐवजी नुसता नंबर दिसेल. भाड्याच्या गाडीत देऊ नका, आणि गाडी परत करताना तिच्या यादीतून आपला फोन काढून टाका.

आता किल्लीची गोष्ट परत आठवा. ती दोन्हीकडे असते. गाडी जोडली जात नाही म्हणून लोक फोनवर Forget करतात आणि पुन्हा प्रयत्न करतात, पण गाडीकडे जुनी किल्ली तशीच असते. काही सिस्टीम हे निस्तरून घेतात, काही मात्र अडून बसतात. म्हणून पुसायचं तर दोन्हीकडून पुसायचं: फोनवरून गाडीचं नाव आणि गाडीवरून फोनचं नाव. मग नव्याने पेअर करायचं. गाडीची यादी भरलेली असेल तरी नवा फोन नाकारला जातो. घरातल्या जुन्या, विकून टाकलेल्या फोनची नावं तिथे पडून असतात, ती काढा.

दोन उपकरणांशी जोडलेलं राहणं दोन तऱ्हांचं असतं आणि इथेच गल्लत होते. एक फोन आणि त्याला बड्स व गाडी अशी दोन ऐकवणारी उपकरणं, ही एक तऱ्हा. ती फोन सांभाळतो. दुसरी तऱ्हा उलटी: एकच बड्सचा जोड आणि त्याला फोन व लॅपटॉप असे दोन पाठवणारे. याला मल्टिपॉइंट म्हणतात. ती सोय बड्समध्येच असावी लागते, आणि अनेकदा बड्सच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावी लागते. चालू केल्यावर आधी फोन पेअर करायचा, मग बड्स पुन्हा पेअरिंग मोडमध्ये नेऊन लॅपटॉप पेअर करायचा. या वेळी फोनचं कनेक्शन तुटलं, तर फोनच्या यादीत बड्सच्या नावावर टिचकी मारून ते परत जोडायचं.

मल्टिपॉइंट असलं तरी दोन्हीकडचा आवाज सहसा एकत्र ऐकू येत नाही. लॅपटॉपवर व्हिडिओ चालू असताना फोनवर गाणं लावलं, तर अनेक बड्स लॅपटॉपलाच धरून राहतात. आधी लॅपटॉपवर थांबवा, दोन-तीन सेकंद जाऊ द्या, मग फोनवर लावा. कॉल आला तर मात्र तो गाण्याला बाजूला सारतो. संगीत आणि कॉल यांच्या ब्लूटूथमधल्या वाटा वेगळ्या आहेत. संगीताची वाट एकेरी आणि चांगल्या दर्जाची, कॉलची दुहेरी पण कमी दर्जाची. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाल्यावर, बड्सचा माइक वापरला गेला की आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो, तो याच कारणाने. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडला की बड्समधला आवाज बहुधा पूर्ववत होतो.

आता एक प्रसंग पूर्ण पाहू. कानात बड्स आहेत, ते फोनला जोडलेले आहेत आणि गाणं चालू आहे. तुम्ही पार्किंगमध्ये येऊन गाडी सुरू करता. फोन गाडीलाही जोडला जातो आणि बहुतेक अँड्रॉइड फोन, शेवटी जोडलेल्या उपकरणाला मान देऊन, गाणं गाडीकडे वळवतात. तुम्ही बड्स काढून डबीत ठेवता. कानातून काढल्याचं ओळखणारे बड्स त्या क्षणी गाणं थांबवतात. गाडीत शांतता असते, पण काही बिघडलेलं नसतं. गाडीच्या पडद्यावर प्ले दाबायचं, एवढंच.

खरी अडचण येते डबीत एक बड नीट न बसल्यावर. त्याचे चार्जिंगचे बिंदू टेकत नाहीत, तो चालूच राहतो आणि खिशातूनही फोनला जोडलेला असतो. कॉल येतो, तुम्ही फोनच्या पडद्यावर उचलता, गाडीवर कॉलचा वेळ मोजला जातोय, पण बोलणं इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे येत नाही. गाडी थांबवून कॉलच्या पडद्यावरचं स्पीकरचं चिन्ह दाबा. तिथे आवाजाची ठिकाणं दिसतात आणि बड्सच्या नावापुढे खूण असेल. गाडीचं नाव निवडा, आवाज परत येईल. गाडी चालवताना कॉल स्टिअरिंगवरच्या बटणाने उचलला, तर तो बहुधा गाडीतच राहतो. तीच सवय चांगली.

हे वारंवार होत असेल तर अँड्रॉइडवर बड्सच्या नावाशेजारचं चक्र उघडा. तिथे Phone calls आणि Media audio यांचे वेगळे खटके असतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. Phone calls बंद केलं की गाणी बड्सवर येतील, कॉल मात्र कधीच जाणार नाहीत, चालायला गेल्यावरही नाहीत. हे परवडणार असेल तरच बंद करा. आयफोनवर असे वेगळे खटके नाहीत. तिथे गाडीच्या नावाशेजारच्या (i) मध्ये Device Type हा पर्याय Car Stereo वर ठेवावा, म्हणजे फोनला ती गाडी आहे हे कळतं. कॉल चालू असताना ऑडिओचं बटण दाबून जागा बदलणं तिथेही तसंच चालतं.