नकारानंतरचं ‘द’

(फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मराठीत आपण ‘मी पाव खातो’ म्हणतो आणि मोकळे होतो. फ्रेंचला तेवढ्यावर समाधान नाही. तिला विचारायचं असतं, कुठला पाव? समोरचा ठरावीक, जगातला सगळा, की थोडासा? या ‘थोडासा’साठी तिने वेगळं उपपद ठेवलंय. पुल्लिंगी नामाआधी ‘द्यू’, स्त्रीलिंगीआधी ‘द ला’, आणि नाम स्वराने सुरू होत असेल तर लिंग कुठलंही असो, ‘द ल’ पुढच्या स्वराला चिकटतं. म्हणून ‘द्यू पॅं’ म्हणजे पाव, ‘द ला व्यांद’ म्हणजे मांस, ‘द लो’ म्हणजे पाणी. अनेकवचनी ‘दे’ खाण्यापिण्यात तुलनेने कमी भेटतं, पण पालक फ्रेंचांना अनेकवचनीच दिसतो, म्हणून ‘देझेपिनार’.

आता नकार द्या. ‘झ मांज द्यू पॅं’, मी पाव खातो. ‘झ न मांज पा द पॅं’, मी पाव खात नाही. ‘द्यू’ गेलं, नुसतं ‘द’ उरलं. ‘द ला’चंही तेच, ‘दे’चंही तेच. ‘पा’नंतर ‘द’ एवढं पाठ करून परीक्षा निघते, पण ‘द’च का, हे कळलं की अपवाद पाठ करावे लागत नाहीत.

उत्तर ‘पा’मध्ये आहे. आज ‘पा’ म्हणजे नकार, पण मुळात ते नाम आहे. पा म्हणजे पाऊल. जुन्या फ्रेंचमध्ये नकाराचं काम एकटं ‘न’ करत असे आणि त्याला जोर यावा म्हणून मागे एखादी क्षुल्लक वस्तू जोडली जाई. चालण्याच्या संदर्भात पाऊल, खाण्याच्या संदर्भात ‘मी’, म्हणजे पावाचा कण, पिण्याच्या संदर्भात ‘गुत’, म्हणजे थेंब. आपणही ‘तसूभर हलला नाही’, ‘कणभर खाल्लं नाही’ म्हणतोच की! पुढे या शर्यतीत ‘पा’ जिंकलं, कुठल्याही क्रियापदाला लागू लागलं आणि त्यातलं पाऊल लोक विसरले. बोलण्यात तर आता ‘न’च गळतं आणि ‘पा’ एकटं नकार पेलतं.

पण वाक्याची रचना जुनीच राहिली. फ्रेंचमध्ये मापाचा शब्द आला की पुढे ‘द’ येतं आणि उपपद जातं. ‘बोकू द पॅं’ म्हणजे पुष्कळ पाव, ‘अं किलो द पॅं’ म्हणजे किलोभर पाव. ‘पावाचा कणही नाही’ हीसुद्धा त्याच साच्यातली रचना. तेव्हा ‘पा द पॅं’ हा ‘बोकू द पॅं’चाच भाऊ, फक्त माप शून्य.

मग अपवाद कुठून येतात? जिथे प्रश्न मापाचा नसतो तिथून. समजा आपल्यातला कुणी शाकाहारी फ्रेंच घरी जेवायला गेलाय. त्याने म्हणायला हवं, ‘झ न मांज पा द व्यांद’. तो घाईत ‘पा ला व्यांद’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याला वाटेल की आज टेबलावर ठेवलेलं ते मांस याला नकोय, दुसरं चालेल. आपल्याकडच्या मुलांची ही नेहमीची चूक. ती होते कारण मराठी वाक्य दोन्हीकडे सारखंच असतं.

आता यजमानीणबाई प्रेमाने म्हणतात, ‘स ने पा द ला व्यांद, से द्यू पुले!’ हे मांस नाही हो, चिकन आहे. (शाकाहाऱ्यांना हे वाक्य नवं नाही.) इथे ‘पा’ आहे, तरी ‘द ला’ जसंच्या तसं. बाई किती मांस आहे हे सांगतच नाहीत. ताटात काहीतरी आहे, ते काय आहे एवढाच वाद आहे. म्हणून ‘एत्र’, म्हणजे ‘असणे’ या क्रियापदाने ओळख नाकारली की उपपद टिकतं.

पाहुण्याने ‘मला चीज आवडत नाही’ म्हटलं तर? ‘झ नेम पा ल फ्रोमाज’. इथे ‘द’ घातलं की चुकलं. आवडनिवड सबंध पदार्थाची असते, तुकड्याची नव्हे, त्यामुळे होकारातही ‘द्यू’ नव्हतं, ‘ल’च होतं. ‘द’ व्हायला आधी ‘द्यू’, ‘द ला’, ‘दे’ नाहीतर ‘अं’, ‘य्‌न’ असावं लागतं. म्हणून नकारी वाक्याआधी होकारी वाक्य मनात म्हणून पाहा.

आणि शेवटी पेयाचं विचारलं तर ‘झ न ब्वा क द लो’, मी फक्त पाणी पितो. ‘न’ दिसलं म्हणून इथे ‘द लो’चं ‘दो’ करू नका. ‘न... क’ हा दिसायला नकार, पण पाणी पोटात जातंच आहे.