अकराव्या रांगेचा जांभळा रंग

(दृश्य : सोलापूरच्या बाजारात डाळिंबांचे ढीग. कुणीतरी फळ फोडतं. कॅमेरा दाण्यांवरून सालीवर येतो.)

दाणे आपण खातो आणि साल टाकून देतो. सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत मात्र ही साल वाळवून, कुटून तिचा अर्क काढलाय. स्तनाच्या कर्करोगाच्या, एमसीएफ-७ नावाच्या पेशींवर या अर्काचा काय परिणाम होतो, हे पाहायचं आहे.

(दृश्य : पिवळं द्रावण, पिपेटचं टोक.)

हा पिवळा पदार्थ म्हणजे एमटीटी. जिवंत पेशीतली विकरं त्याचं क्षपण करतात आणि फॉर्मझान नावाचे जांभळे, सुईसारखे स्फटिक तयार होतात. जांभळा जितका गडद, तितक्या जिवंत पेशी जास्त, असा हिशेब. १९८३ साली टिम मॉसमन यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

पहिल्या प्लेटचा निकाल विचित्र आला. १०० मायक्रोग्रॅमला ४५ टक्के पेशी जिवंत, आणि दुप्पट मात्रेला, २०० ला, ६० टक्के! विद्यार्थिनीला वाटलं, पिपेट चुकलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, पेशी नसलेल्या खळग्यात अर्क घालून पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं.

(दृश्य : दुसरी प्लेट, वरून.)

म्हणून ही नवी मांडणी. प्लेटला ९६ खळगे असतात. कडेचे ३६ इनक्युबेटरमध्ये लवकर आटतात, त्यांत फक्त बफर भरायचं. आतले ६० कामाचे, म्हणजे सहा-सहा खळग्यांच्या दहा उभ्या रांगा. दुसऱ्या रांगेत नुसतं माध्यम, हा साधा ब्लँक. तिसरीत अर्क नसलेल्या पेशी, हा कंट्रोल. अर्क ज्या द्रावकात विरघळवला, तो यातही तेवढाच. चौथी ते सातवी, पेशी आणि अर्काच्या चढत्या चार मात्रा. आठवी ते अकरावी, त्याच चार मात्रा, पण पेशी नाहीत.

प्रत्येक खळग्यात शंभर मायक्रोलिटर माध्यम. त्यावर मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम या ताकदीचं एमटीटी दहा मायक्रोलिटर, ब्लँकमध्येसुद्धा. मग चार तास अंधारात, ३७ अंशांवर.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या सुया.)

हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत. प्लेट तिरकी धरून माध्यम हळूच काढायचं, पिपेटचं टोक तळाला लागू द्यायचं नाही. लागलं तर स्फटिक आणि पेशी त्याच्याबरोबर वर येतात. मग शंभर मायक्रोलिटर डीएमएसओ घालून दहा मिनिटं हलवायचं. घाई केली की तळाशी न विरघळलेले कण राहतात आणि सहा सारख्या खळग्यांतला एखादाच आकडा वेगळा पडतो. तसा दिसला, तर तो खोडण्याआधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली न्यावी. थंडीत डीएमएसओची बाटलीच गोठलेली सापडते, कारण तो साडेअठरा अंशांच्या आसपास गोठतो. कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवावा.

(दृश्य : ५७० नॅनोमीटरवर रीडर. मग अकराव्या रांगेवर कॅमेरा थांबतो.)

आता ही अकरावी रांग नीट पाहा. इथे एकही पेशी नाही, तरी रंग जांभळा आहे. डाळिंबाच्या सालीत पॉलिफिनॉल्स भरपूर असतात आणि ती स्वतःच एमटीटीचं क्षपण करतात. पहिल्या प्लेटमध्ये हाच रंग जिवंत पेशींच्या खात्यात जमा झाला होता.

(दृश्य : पडद्यावर सूत्र.)

```
जिवंत % = (नमुना − नमुन्याचा ब्लँक) ÷ (कंट्रोल − साधा ब्लँक) × १००
```

रीडरने मोजलेला रंगाचा गडदपणा असा : कंट्रोल ०.९१२, साधा ब्लँक ०.०६२, फरक ०.८५०. दोनशेच्या मात्रेचं वाचन ०.५७२. त्यातून साधा ब्लँक वजा केला तर उरतात ०.५१०, म्हणजे ६० टक्के. पण या मात्रेचा खरा ब्लँक अकराव्या रांगेत आहे, ०.३१७. तो वजा केला की ०.२५५. म्हणजे ३० टक्के.

एवढी मोठी वजाबाकी मला पुरेशी विश्वासाची वाटत नाही. पेशी नसलेल्या खळग्यात स्फटिकांना धरून ठेवायला काही नसतं, माध्यम काढताना ते निसटतात आणि ब्लँक कमी दिसू शकतो. म्हणून तिसऱ्या प्लेटला एमटीटी घालण्याआधीच अर्क काढून टाकला, पेशी बफरने हलक्या हाताने धुतल्या आणि ताजं माध्यम घातलं.

(दृश्य : तिसरी प्लेट. अकरावी रांग जवळजवळ रंगहीन.)

अर्काचा ब्लँक आता ०.०६५, साध्या ब्लँकइतकाच. नमुना ०.३१७, कंट्रोल ०.९०५. म्हणजे ०.२५२ भागिले ०.८४०, पुन्हा ३० टक्के.

उरलेल्या ७० टक्के पेशी मेल्या, असं मात्र अजून म्हणता येत नाही. चयापचय मंदावलेली किंवा विभाजन थांबवलेली पेशीही कमी फॉर्मझान देते. त्यासाठी विद्यार्थिनीने चौथी प्लेट लावली आहे. मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग, ट्रिपॅन ब्लू, तिच्या टेबलावर तयार आहे.

(दृश्य : इनक्युबेटरचं दार बंद होतं.)