जळलेली इमारत वाचते की पाडावी लागते? उत्तर गुलाबी रेषेत असतं

(दृश्य: आग विझल्यानंतरचा गोडाऊनचा आतला भाग. काळंकुट्ट छत. मधोमध मोठा पांढरट पट्टा.)

छत काळं पडलंय ते बघून सगळेच म्हणतात की गेलं, आता काही राहिलं नाही. पण स्ट्रक्चरल इंजिनिअर आत आला की त्याचं लक्ष काळ्या भागाकडे नाही, मधल्या त्या स्वच्छ दिसणाऱ्या पट्ट्याकडे जातं. काळं म्हणजे काजळी, ती धुरातून येऊन बसते आणि ती बसलीये याचा अर्थ तिथे उष्णता त्या मानाने कमी होती. जिथे आग खरोखर भडकली तिथे काजळीच जळून जाते आणि खालचं काँक्रीट उघडं पडतं, म्हणजे जे छत सगळ्यात साफ दिसतंय तेच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त भाजलेलं असतं.

आणि मग तो पहिली गोष्ट सांगतो ती ही, की कचरा उचलू नका. लोकांना राग येतो, साफसफाई करायची असते, विम्याचं बघायचं असतं, पण त्या राखेत थर्मामीटर पडलेत. अ‍ॅल्युमिनियमची खिडकीची चौकट वितळून गोळा झाली असेल तर तिथे 650 अंशांच्या वर गेलं होतं, बाजूची तांब्याची वायर शाबूत असेल तर 1080 च्या खाली राहिलं. अर्थात तो गोळा मुळात कुठे होता हे माहीत पाहिजे, छताला होता की जमिनीलगत, कारण वरची हवा खालच्यापेक्षा खूप जास्त तापते. म्हणून हलवायच्या आधी प्रत्येक वस्तूची जागा लिहून फोटो काढायचे.

(दृश्य: छतातून उडालेली खपली, आत दिसणाऱ्या सळया.)

आता हे स्पॉलिंग, म्हणजे खपल्या उडणं. हे का होतं? काँक्रीट कोरडं दिसतं पण आत बारीक छिद्रांमध्ये पाणी असतंच, आग लागली की पृष्ठभाग झपाट्याने तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, दाब वाढतो आणि त्याच वेळी तापलेला बाहेरचा थर प्रसरण पावायला बघतो पण मागचा थंड भाग त्याला सोडत नाही. या दोन्ही गोष्टी मिळून थर अक्षरशः फुटून उडतो, धाडकन आवाज करत, आणि हे सहसा पहिल्या अर्ध्या तासातच होतं. गंमत अशी की चांगलं, घट्ट, हाय स्ट्रेंग्थ काँक्रीट याबाबतीत जास्त नाजूक, कारण त्यात वाफेला जायला वाटच नसते. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या चॅनल टनेलमध्ये नोव्हेंबर 1996 ला आग लागली तेव्हा असंच झालं, बोगद्याच्या अस्तराचं मजबूत काँक्रीट काही ठिकाणी बहुतांश जाडीपर्यंत उडून गेलं. म्हणूनच आता अशा काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू टाकतात, ते 160 अंशांच्या आसपास वितळतात आणि वाफेला पळायला जागा करून देतात.

पण तपासणाऱ्याला खरा प्रश्न वेगळाच असतो, खपली उडाली कधी? आग चालू असताना सुरुवातीलाच उडाली असेल तर मागच्या सळया पुढचा सगळा वेळ उघड्यावर भाजल्या. शेवटी, पाण्याचा फवारा बसल्यावर पडली असेल तर सळया तेवढा वेळ कव्हरच्या, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या, आड होत्या. हे कळायला परत राखच उपयोगी, तुकडा राखेच्या खाली सापडला तर तो आधी पडलाय, राखेच्या वर असेल तर नंतर. म्हणून म्हटलं ना की कचरा उचलू नका.

(दृश्य: कोअर कटिंग मशीन. बाहेर काढलेला दंडगोल, एका टोकाला गुलाबीसर झाक.)

आता मुख्य गोष्ट, रंग. साधारण 300 अंशांपर्यंत काँक्रीटचा रंग बदलत नाही आणि ताकदही फारशी जात नाही. 300 च्या पुढे खडी-वाळूतल्या लोहाच्या संयुगांतलं पाणी निघून जातं, ती गंजासारखी लालसर होतात आणि काँक्रीटला गुलाबी छटा येते. 600 च्या पुढे ते पांढरट राखाडी पडतं, त्याहून वर गेलं की मळकट पिवळट. हे बदल थंड झाल्यावर परत जात नाहीत, त्यामुळे आठवड्यानेसुद्धा वाचता येतात. आणि योगायोग असा की काँक्रीटची ताकद सपाट्याने उतरायला लागते तेही 300 च्या आसपासच. 400 ते 500 दरम्यान सिमेंटमधला चुना फुटतो, 573 ला वाळूतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, 600 ला पोचेपर्यंत निम्मी ताकद गेलेली असते, आणि सळई थंड झाल्यावर सावरते तसं काँक्रीट सावरत नाही, उलट अजून थोडं खालीच जातं.

म्हणजे कोअर काढला, त्यावर गुलाबी कुठे संपतं ते मोजलं, की तीच 300 ची रेषा. तिच्या बाहेरचं गेलं म्हणून धरायचं, आतलं टिकलं. इतकं सोपं वाटतं खरं, पण दोन अडचणी आहेत. काही खडी गुलाबी होतच नाही, बेसाल्टसारख्या काळ्या दगडात हा बदल नीट दिसत नाही, त्यामुळे रंग बदलला नाही म्हणून सुटलो असं म्हणता येत नाही. आणि काही वाळू मुळातच लालसर असते. म्हणून न जळलेल्या भागातला एक कोअर शेजारी ठेवूनच बघायचं, आणि शंका असेल तर पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली भेगा बघायच्या. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं हत्यार, मारून आकडे घेतात बरेच जण, पण तो पृष्ठभागाचंच सांगतो, खराब भाग कुठून सुरू होतो हे शोधायला ठीक, त्यावर निकाल देऊ नये.

(दृश्य: कागदावर स्लॅबचा छेद, खालून गुलाबी पट्टा रंगवलेला.)

आता एक उदाहरण करून बघू. समजा स्लॅब 150 मिमी जाड, सळईचा मध्य तळापासून 25 मिमीवर, आणि कोअरमध्ये गुलाबी पट्टा 35 मिमी खोल निघाला. काँक्रीटमध्ये उष्णता इतकी सावकाश शिरते की प्रमाण आगीत, म्हणजे चाचणीच्या भट्टीत ठरलेल्या वेगाने तापमान वाढवतात त्या आगीत, तासाभराने भट्टीतली हवा 945 अंश असते तरी 40 मिमी आत 300 च्या आसपासच असतं. म्हणजे आपली ही आग साधारण तासाभराच्या प्रमाण आगीइतकी, आणि सळई 400 ते 450 पर्यंत गेली असणार. साधी हॉट रोल्ड सळई असेल तर एवढ्याने घाबरायचं कारण नाही, थंड झाल्यावर ती जवळपास पूर्ण ताकद परत मिळवते. जुन्या कोल्ड ट्विस्टेड सळया मात्र साडेचारशेच्या वर गेल्या तर पीळ देऊन आलेली ताकद कायमची घालवायला लागतात, म्हणून एक तुकडा कापून लॅबमध्ये ओढून बघायचा. प्रीस्ट्रेसच्या, म्हणजे मुद्दाम ताणून बसवलेल्या, तारा असतील तर गणित पूर्ण वेगळं, त्या याच्या कितीतरी आधी ढिल्या पडतात.

आता स्लॅबच्या मधोमध बघा. तिथे तळाला ताण असतो आणि ताणात काँक्रीटची ताकद आपण हिशोबात धरतच नाही, दाब घेणारा भाग वर आहे आणि तो थंड राहिलाय. म्हणजे मधला भाग भयानक दिसत असला तरी ताकद फारशी गेलेली नाही, खराब थर काढून कव्हर परत दिलं, सळईची पकड परत आणली की झालं.

तोच स्लॅब बीमवर टेकतो तिथे मात्र उलटं. आधाराजवळ ताण वर आणि दाब खाली, म्हणजे दाब घेणारं काँक्रीट नेमकं तेच भाजलंय. वरच्या सळईपासून तळापर्यंत 125 मिमी होते, 35 गेले, राहिले 90. सळई आणि दाबाच्या मध्यातलं अंतर 113 वरून 78 वर आलं तर वाकण्याची ताकद जवळजवळ 30 टक्के कमी. खोली तीच, पट्टा तोच, पण जागेप्रमाणे निकाल वेगळा.

(दृश्य: कॉलम, चारही बाजूंनी भाजलेला.)

आणि कॉलम तर सगळ्यात वाईट. 300 बाय 300 चा कॉलम चारही बाजूंनी 35 मिमी गेला तर उरतो 230 बाय 230, क्षेत्रफळात 41 टक्के गेले. शिवाय कोपऱ्यातली सळई दोन बाजूंनी तापते त्यामुळे ती स्लॅबच्या सळईपेक्षा जास्त गरम झालेली असते, आणि कव्हर उडाल्यावर वाकली असेल तर ती सरळ करून वापरायची नाही. म्हणून पहिल्याच दिवशी टेकू लावायचे ते या कॉलमभोवती, कोअरचे रिपोर्ट यायच्या आधी.

अजून एक जागा जी लोक हमखास विसरतात. तापलेला स्लॅब लांबतो आणि टोकाच्या कॉलमना ढकलतो. आग मधल्या भागात, आणि तिरकी भेग तीन खोल्या पलीकडच्या न जळलेल्या कॉलमला. त्यामुळे ओळंबा आणि लेव्हल घेऊन अख्ख्या मजल्याचं मोजमाप करावं लागतं, फक्त काळ्या भागाचं नाही.

(दृश्य: चिपिंग, मग फवाऱ्याने काँक्रीट मारणं.)

मग ठरतं काय? आपल्या उदाहरणात इमारत वाचते. स्लॅबचा गुलाबी थर काढायचा, पण जड ब्रेकर लावून नाही, त्याने मागच्या चांगल्या भागात बारीक भेगा पडतात, हलक्या हत्याराने किंवा जोरदार पाण्याच्या झोताने. सळईच्या मागेपर्यंत मोकळं करायचं, कमी पडेल तिथे नवीन सळई, मग शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याने मारलेलं काँक्रीट. कॉलमला टेकू देऊन जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवीन सळया आणि काँक्रीटचं वेष्टण. शेवटी शंका राहिलीच तर लोड टेस्ट.

पाडायचा सल्ला येतो तो कॉलम ओळंब्यातून गेलेत, सळया वाकल्यात, स्लॅब कायमचा खाली बसलाय किंवा गुलाबी रेषा पातळ स्लॅबच्या निम्म्याच्या पुढे गेलीये अशा वेळी. आणि कधी नुसता खर्चाने येतो, टेकू लावून एकेक कॉलम दुरुस्त करायला नव्या बांधकामापेक्षा जास्त लागणार असेल तर.

घाईही करू नये. फुटलेला चुना हवेतला ओलावा शोषून परत फुगतो, त्यामुळे आगीनंतर काही आठवड्यांनी नवीन भेगा दिसू शकतात. आणि पीव्हीसीच्या वायर-पाइप जळले असतील तर त्यांच्या धुरातलं आम्ल काँक्रीटवर बसून क्लोराइड आत जातात, ज्या भागाला आगीची झळही लागली नाही तिथल्या सळया पुढे गंजायला लागतात. म्हणून शॉटक्रीट मारायच्या आधी छिद्र पाडून निघालेली भुकटी लॅबला द्यायची, तीही वेगवेगळ्या खोलीची वेगवेगळी पिशवी करून.