सर्वांत वरचं स्टिकर

[दृश्य: सुपरमार्केटमधल्या मांडणीचा फोटो, पडदाभर. खालची ओळ पुसलेली.]

या फोटोत माणूस नाही, दुकानाची पाटी नाही, रस्ता दिसेल अशी खिडकीही नाही. खाण्याच्या वस्तूंची मांडणी आहे आणि तिचे मधले दोन खण रिकामे आहेत. ज्यांनी हा फोटो पसरवला त्यांनी खाली एका देशाचं नाव आणि '२०१४' असं साल टाकलं होतं. ती ओळ आम्ही मुद्दाम पुसली आहे; फोटो खरोखर कुठला आणि कधीचा, हे फक्त मालावरून शोधायचं आहे. उरलेल्या मालावरची अक्षरं स्पॅनिश आहेत. स्पॅनिश ही वीसेक देशांची राजभाषा असल्यामुळे तेवढ्यावरून फारसं काही ठरत नाही.

[दृश्य: फोटो जवळ येतो. तीन वस्तू: बिस्किटांचा पुडा, सॉसची बाटली, खारवलेल्या दाण्यांचं पाकीट.]

तीन वस्तू नीट वाचता येतात. पुडा आडवा पडला आहे, बाटली पाठमोरी ठेवली गेली आहे आणि दाण्यांचं पाकीट कलंडलं आहे. मांडणी नीटनेटकी असती तर सगळ्या वस्तूंची फक्त तोंडं दिसली असती आणि आपल्या हाती काही लागलं नसतं.

[दृश्य: तीन बारकोड, एकाखाली एक.]

असा फोटो समोर आला की बहुतेक जण आधी बारकोडकडे धावतात. काळ्या पट्ट्यांखाली तेरा आकडे असतात आणि पहिले तीन देशाचे, असं सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. बाटलीवर ७५० आहे, म्हणजे मेक्सिको. दाण्यांच्या पाकिटावर ७८० आहे, म्हणजे चिली. बिस्किटाच्या पुड्यावर ७७ दिसतं आणि तिसरा आकडा घडीत चुरगळला आहे.

त्या चुरगळलेल्या आकड्यात बरंच काही अडकलं आहे. ७७० आणि ७७१ कोलंबियाचे, ७७३ उरुग्वेचा, ७७५ पेरूचा, ७७७ बोलिव्हियाचा, ७७८ आणि ७७९ अर्जेंटिनाचे. एक आकडा गेला की अर्धा खंड मोकळा सुटतो. पण तो परत मिळवता येतो, कारण तेरावा आकडा हा आधीच्या बारांचा हिशेब असतो.

[दृश्य: कागदावर आकडे, पेन्सिलीने मांडलेली बेरीज.]

पुड्यावर काय वाचता येतं ते पाहा. मधले आकडे आम्ही बदलले आहेत, रीत तीच आहे. ७, ७, मग रिकामी जागा, मग १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ आणि शेवटी ८. डावीकडून पहिला आकडा तसाच घ्यायचा, दुसऱ्याला तिनाने गुणायचं, तिसरा तसाच, चौथ्याला तीन, असं बाराव्यापर्यंत जायचं. रिकामी जागा सोडून बेरीज येते १२३. तिच्यात शेवटचा ८ मिळवला की १३१. ही बेरीज दहाच्या पटीत यायलाच हवी, तसा नियमच आहे. तिसरा आकडा गुणाकाराविना मोजला जातो, म्हणजे १४० गाठायला तिथे ९ हवेत. पुडा ७७९ चा, अर्जेंटिनाचा.

ही युक्ती एकच आकडा गेला असेल तर चालते. दोन गेले की उत्तरं अनेक येतात आणि आपल्या सोयीचं निवडायचा मोह होतो.

[दृश्य: बारकोड वाचणारं यंत्र, लाल रेघ, 'बीप'.]

तर हिशेब झाला: एक मेक्सिको, एक चिली, एक अर्जेंटिना. एकाच मांडणीवर तीन देश.

हे तीन आकडे सांगतात तरी काय? दुकानात बारकोड लावलेली पहिली वस्तू विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय या गावी. ते च्युइंगमचं पाकीट होतं आणि त्यावरचा क्रमांक बारा आकडी होता. १९७७ मध्ये युरोपातल्या बारा देशांच्या व्यापाऱ्यांनी आणि उत्पादकांनी मिळून संस्था काढली, एक आकडा वाढवला आणि सुरुवातीचे आकडे देशोदेशीच्या शाखांना वाटून दिले. तीच संस्था आज जीएस१ या नावाने चालते. एखादी कंपनी ज्या देशाच्या शाखेत नाव नोंदवते त्या शाखेचे आकडे तिच्या मालावर येतात. माल बनला कुठे आणि विकला कुठे, याचा त्या आकड्यांशी संबंध नाही. अर्जेंटिनाच्या शाखेत नोंदलेली कंपनी माल दुसऱ्या देशात बनवून तिसऱ्याच देशात विकू शकते, आकडे ७७९ च राहतात. आणि सुरुवात २० ते २९ अशी असेल तर देशाचा प्रश्नच येत नाही, ते आकडे दुकानं स्वतःच्या वापरासाठी ठेवतात, उदाहरणार्थ वजन करून विकलेल्या चीजवर.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'हे तीन आकडे बघा आणि माल ओळखा' छापाच्या याद्या हीच गोष्ट गाळून बसतात. आमच्या मते बारकोड हा साक्षीदार आहे, पण त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे.

[दृश्य: बिस्किटाचा पुडा, समोरची बाजू. काळे अष्टकोन पडदाभर.]

आता खरी मजा. पुड्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन काळे अष्टकोन आहेत, पांढऱ्या कडेचे, आत पांढरी ठळक अक्षरं. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपलीकडे असले की छापायचा हा इशारा. २७ जून २०१६ पासून चिलीने तो सक्तीचा केला, पुढे शेजाऱ्यांनी उचलला. पण प्रत्येकाने आपापल्या कायद्यात शब्द थोडे बदलले, आणि आपलं काम नेमकं तिथेच होतं.

चिलीचा अष्टकोन म्हणतो 'आल्तो एन', म्हणजे 'यात जास्त', आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत आरोग्य मंत्रालयाचं नाव असतं: 'मिनिस्तेरियो दे सालुद'. पेरूचा अष्टकोनही 'आल्तो एन' म्हणतो, पण त्याखाली चौकटीत एक जोडवाक्य येतं, अतिसेवन टाळा असं सांगणारं. शिवाय चिलीत साखर अनेकवचनी छापतात, 'आसुकारेस', आणि पेरूत एकवचनी, 'आसुकार'. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२० पासून 'एक्सेसो' हा शब्द घेतला. तिथल्या आरोग्य खात्याचं नावही निराळं, 'सेक्रेतारिया दे सालुद', आणि तेच अष्टकोनांवर येतं. अर्जेंटिनाच्या अष्टकोनात 'एक्सेसो एन' असतं, जोडीला 'एन'. ब्राझीलमध्ये अष्टकोनच नाही. तिथे पोर्तुगीज अक्षरं आणि भिंगाचं चित्र येतं.

फोटो अंधुक असला तरी वाक्याची लांबी आणि अष्टकोनाखालची चौकट बऱ्याचदा कळून येते. अक्षर न वाचता आकारावरून पेरू बाजूला काढता येतो.

[दृश्य: पुड्याचा अष्टकोन, मोठा केलेला. हळूहळू अक्षरं स्पष्ट होतात.]

आपल्या पुड्यावर काय आहे? 'आल्तो एन आसुकारेस'. तळाशी मंत्रालयाचं नाव, खाली चौकट नाही. बारकोड अर्जेंटिनाचा आणि इशारा चिलीचा. इशारा छापील आहे, वरून चिकटवलेला नाही. म्हणजे वेष्टन छापतानाच हा पुडा चिलीला जाणार हे ठरलेलं होतं.

पुडा आडवा असल्यामुळे पोषणतक्त्याचा कोपराही दिसतो, आणि तो हेच सांगतो. त्यात दोन रकाने आहेत, एक शंभर ग्रॅमचा आणि एक खाण्याच्या एका वाटणीचा. चिलीत दोन्ही लागतात. अर्जेंटिनाच्या घरगुती बाजारातल्या तक्त्यांत बरीच वर्षं एका वाटणीचं प्रमाण आणि त्याशेजारी रोजच्या गरजेची टक्केवारी, अशी जोडी दिसत आली आहे. इथे टक्केवारीचा रकाना नाहीच.

[दृश्य: सॉसची बाटली, मागची बाजू. पांढऱ्या स्टिकरची उचकटलेली कड.]

उरली ७५० ची बाटली. तिच्या पाठीवर पांढरं स्टिकर आहे आणि त्याची एक कड उचकटली आहे. त्या फटीतून मूळ छपाईतले अर्धे शब्द डोकावतात: '…नुत्रिमेंताल'. पोषणतक्त्याच्या मथळ्यावर हा शब्द मेक्सिकोत येतो, दक्षिणेकडे 'नुत्रिसिओनाल' छापतात. म्हणजे बाटली खरोखर मेक्सिकोच्या बाजारासाठी छापली होती. मग तिच्यावर स्टिकर का?

कारण ती दुसरीकडे विकायची होती. स्टिकरवर नवा तक्ता आहे, 'आल्तो एन सोदियो' असा अष्टकोन आहे, आयातदाराचं नाव आहे आणि त्याचा करक्रमांक. चिलीतल्या करक्रमांकाला 'रुत' म्हणतात. आकडे, मग आडवी रेघ, मग एकच तपासणी चिन्ह, जे कधी आकडा असतं तर कधी 'के' हे अक्षर. इथे रेघेनंतर 'के' आहे. पेरूचा करक्रमांक सलग अकरा आकड्यांचा असतो, त्यात अक्षर येत नाही.

या कामातली आमची एकच ठाम रीत आहे: वाचन वरून खाली करायचं. सर्वांत वरचं स्टिकर विक्रीच्या जागेला सर्वांत जवळचं, त्याखालची छपाई मूळ बाजाराची, आणि बारकोड त्याहून लांबचा, कंपनीच्या कागदपत्रांचा.

[दृश्य: दुसरा फोटो: मेक्सिकोचे अष्टकोन असलेलं पाकीट, त्यावर इंग्रजी पोषणतक्त्याचं स्टिकर.]

हे उलट उदाहरण पाहा. अष्टकोन मेक्सिकोचे, ७५० चा बारकोड, सगळी छपाई स्पॅनिश. वर मात्र इंग्रजी चौकट चिकटवली आहे, उष्मांकाचा आकडा सर्वांत मोठा, शंभर ग्रॅमचा रकाना नाही. ही अमेरिकेची मांडणी आहे, उष्मांक असे मोठे छापण्याचा नियम तिथे २०१६ मध्ये आला. स्टिकर बघितलं नसतं तर हा फोटो आपण बिनदिक्कत मेक्सिकोत टाकला असता.

[दृश्य: मूळ फोटो. मांडणीच्या कडेवरच्या किमतीच्या पट्ट्या.]

एकटी वस्तू प्रवाशाच्या पिशवीतूनही कुठेही पोहोचते, म्हणून टेबलावर ठेवलेल्या एका पाकिटाचा फोटो आला तर आम्ही देश सांगत नाही. इथे तीन वेगळ्या कंपन्यांचा माल एकाच मांडणीवर आहे. दाण्यांच्या पाकिटावरही चिलीचाच अष्टकोन आहे. किमतीच्या पट्ट्यांवर डॉलरसारखं चिन्ह दिसतं, पण तेच चिन्ह मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबियातही पेसोसाठी वापरतात. पट्टीवरचा आकडा मात्र कामाचा आहे: हजाराच्या जागी टिंब आणि पुढे शतांश नाहीत. चिलीच्या पेसोला सुटे भाग व्यवहारात उरलेलेच नाहीत.

[दृश्य: पुसलेली ओळ परत उमटते.]

ओळीत देश वेगळा होता. अशा फोटोंवर लोक टंचाईच्या बातम्या रचतात, आणि ही बातमी पुष्कळांनी पुढे पाठवली.

सालाचं उत्तरही पुड्यावरच आहे. चिलीतले अष्टकोन २७ जून २०१६ च्या आधी सक्तीचे नव्हते, त्यामुळे एका मांडणीवरच्या तिन्ही मालांवर ते दिसत असतील तर २०१४ धरता येत नाही. मेक्सिकोची बाटली पाठमोरी नसती, तर तिच्या तोंडावर 'एक्सेसो' आहे की नाही हे कदाचित दिसलं असतं आणि तारीख ऑक्टोबर २०२० च्या अलीकडची की पलीकडची, याचा अंदाज करता आला असता. फोटोत तेवढं दिसत नाही. म्हणून नोंदीत आम्ही लिहिलं: चिली, २०१६ च्या मध्यानंतर.